निबंध झिप करून पाहिला तर तो यंत्राने लिहिलाय हे कळतं का?

प्रश्न: सर, आमच्या निबंधस्पर्धेला आठवी ते दहावीच्या मुलांचे १४० निबंध आलेत, सगळे टाइप केलेले, साधारण चारशे शब्दांचे. काही निबंध एआयकडून लिहून घेतलेले वाटतात. एका सहकाऱ्याने सांगितलं, फाइल झिप केली की यंत्राचा मजकूर जास्त लहान होतो, कारण त्याची एन्ट्रॉपी कमी असते. हे खरं आहे का? आणि नेमकं काय मोजायचं?

उत्तर:

तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं मुळात बरोबर आहे, पण ते ज्या रीतीने मोजायला सांगतात त्या रीतीने हाती काही लागणार नाही. एकेक निबंध वेगळा झिप करून त्याचा आकार पाहिला तर तुम्हाला मुख्यतः निबंधाची लांबी दिसेल. यंत्राच्या लिखाणाचा साचेबंदपणा चारशे शब्दांच्या एका निबंधात फारसा दिसत नाही. तो दिसतो निबंधांच्या ढिगात, एक निबंध दुसऱ्याशेजारी ठेवल्यावर. त्यामुळे झिप वापरायचं, पण मोजायचं वेगळं. तेच जरा सावकाश सांगतो.

आधी एन्ट्रॉपी म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाने बराच गोंधळ होतो. क्लॉड शॅननने १९५१ साली एक साधा खेळ मांडला. एखादा मजकूर झाकून ठेवायचा आणि समोरच्याला पुढचं अक्षर ओळखायला सांगायचं. किती प्रयत्नांत ओळखलं ते लिहून ठेवायचं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि मोकळी जागा एक, म्हणजे नुसत्या अंदाजाने अक्षरामागे ४.७५ बिट माहिती लागायला हवी. पण आधीची शंभर अक्षरं माहीत असली तर माणसाला इतकं नेमकं ओळखता येतं, की शॅननच्या हिशेबात आकडा ०.६ ते १.३ बिटांच्या मध्ये आला. एन्ट्रॉपी म्हणजे हे शिल्लक राहिलेलं आश्चर्य. पुढचा शब्द येण्याची शक्यता निम्मी असेल तर तो आल्यावर एक बिट आश्चर्य होतं, हजारात एक असेल तर जवळपास दहा बिट.

तुमच्याच स्पर्धेत शोभतील अशी दोन वाक्यं घ्या. "पावसाळा हा सर्वांचा" इथे थांबलो तर पुढे "आवडता" येणार हे तुम्ही न बघता सांगाल, आणि त्यापुढे "ऋतू आहे" हेही. आता दुसरं: "वाऱ्याने आमच्या गोठ्याचा एक पत्रा उडाला आणि तो थेट". इथे थांबून दहा जणांना विचारा. "सरपंचांच्या विहिरीत सापडला" हे कोणी सांगणार नाही. दुसऱ्या वाक्यात आश्चर्य जास्त आहे, कारण ते त्या मुलाच्या घरी घडलंय.

यंत्राचा मजकूर पहिल्या वाक्याकडे का झुकतो, याचं कारण तो निवडला कसा जातो यात आहे. मॉडेल प्रत्येक वेळी पुढच्या शब्दांची एक यादी आणि त्यांच्या शक्यता काढतं. समजा तीनच शब्द आहेत आणि शक्यता ०.५, ०.३, ०.२ अशा. या निवडीची एन्ट्रॉपी १.४९ बिट भरते. मजकूर भरकटू नये म्हणून वापरताना सहसा "टेम्परेचर" खाली ठेवतात. ते ०.५ केलं तर या शक्यतांचा वर्ग करून पुन्हा वाटणी होते: ०.६६, ०.२४, ०.१०. एन्ट्रॉपी १.२३ वर येते. त्यावर शेपटीतले दुर्मीळ शब्द छाटण्याची पद्धत असते. तिसरा शब्द छाटला की उरतात ०.८३ बिट. म्हणजे त्याच मॉडेलला माणसांच्या लिखाणातून जे आश्चर्य ठाऊक होतं, त्यातलं निम्म्याजवळ आपण लिहून घेतानाच काढून टाकलं. शिवाय लोकांना आवडेल असं उत्तर द्यायला मॉडेलला नंतर जे वळण लावतात, त्यानेही निवड आणखी आक्रसते. विषय एकच असेल तर प्रत्येक वेळी तीच सुरुवात, तीच तीन मुद्द्यांची मांडणी आणि तोच समारोप येतो, तो त्यामुळे.

आता झिपकडे. जीझिप या झिपच्याच जातीच्या साधनाच्या पोटात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे झिव आणि लेम्पेल यांची १९७७ची युक्ती. मजकूर वाचत जायचं, आणि आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो न लिहिता "इतकं मागे जा, इतकं उचल" एवढीच खूण लिहायची. त्यानंतर वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटी सांकेतिक रूपं देणं. उदाहरणार्थ "महत्त्वाची भूमिका" हा तुकडा. मोकळ्या जागेसकट तो १७ चिन्हांचा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणून ४९ बाइट. तो हजारेक बाइटांच्या आत दुसऱ्यांदा आला तर त्याच्या जागी सुमारे २३ बिटांची, म्हणजे तीनेक बाइटांची खूण बसते. बचत मोठी आहे. पण ती बचत कशामुळे झाली बघा: तुकडा *त्याच मजकुरात* दुसऱ्यांदा आला म्हणून. तो पहिल्यांदा आला तेव्हा झिपने सगळे बाइट मोजून घेतले. "महत्त्वाची भूमिका" हा शब्दप्रयोग मराठीत किती झिजलाय याची झिपला काहीच कल्पना नसते. शॅननच्या खेळातला माणूस आयुष्यभराचं मराठी डोक्यात घेऊन बसतो, झिप मात्र कोरी पाटी घेऊन.

म्हणून झिपचा आकार आणि अंदाज बांधता येणं या दोन गोष्टी एक धरू नका. झिप पुनरावृत्ती मोजतं. २००६ साली वेबवरची स्पॅम पानं ओळखण्याच्या एका अभ्यासात हाच आकडा वापरला होता: मूळ पान कॉम्प्रेस केलेल्या पानाच्या किमान चौपट असलं, तर तपासलेल्या अशा पानांपैकी ७० टक्के स्पॅम निघाली. तिथे ते चाललं, कारण ती पानं एकच शब्द शेकडो वेळा कोंबून भरलेली होती. जुनी मॉडेलंही सर्वांत शक्य शब्दच निवडत गेली की एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहायची. तेही झिपने पकडलं असतं. आजचं मॉडेल एका निबंधात तसं अडकत नाही. उलट ते शब्द बदलून लिहिण्यात तरबेज असतं, आणि आठवीतलं मूल "खूप मज्जा आली" चार वेळा लिहितं. नुसत्या झिपच्या गुणोत्तरावर गेलात तर ते मूलच पकडलं जाईल.

अक्षरांच्या वारंवारतेवरून काढलेली एन्ट्रॉपी तर सोडूनच द्या. अनेक ठिकाणी दहा ओळींचा तसा प्रोग्रॅम मिळतो. मराठीत "ा" किती वेळा येतो आणि "ठ" किती वेळा, हे मराठीचं लक्षण आहे. माणसाने लिहिलं काय आणि यंत्राने काय, तो आकडा जवळजवळ सारखाच येतो.

मग झिपला पाटी भरून द्यायची. ही युक्ती जुनी आहे. २००२ साली तीन इटालियन संशोधकांनी अशीच एका मजकुरामागे दुसरा जोडून, झिप करून, भाषा आणि लेखक ओळखून दाखवले होते. २०२३ मध्ये थिंक्स्ट लॅब्सच्या झिपी या छोट्या साधनाने तीच कल्पना एआयसाठी वापरली: आधी यंत्राचा भरपूर मजकूर कॉम्प्रेसरला खायला घालायचा, मग तपासायचा मजकूर त्यामागे जोडायचा आणि आकार किती वाढतो ते पाहायचं. कमी वाढला तर त्यातले तुकडे कॉम्प्रेसरला आधीच ओळखीचे होते.

तुमच्यासाठी मी दोन पाट्या करायला सांगेन. पहिली माणसांची: तुमच्याच स्पर्धेचे, त्याच वयाच्या मुलांचे, शक्यतो त्याच विषयाचे जुने निबंध. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याआधीच्या वर्षांचे गठ्ठे शोधा. दुसरी यंत्राची: यंदाचाच विषय देऊन दोन-तीन वेगवेगळ्या साधनांकडून स्वतः लिहून घेतलेले निबंध. सूचना मुलं देतील तशाच द्या. "चारशे शब्दांत निबंध लिहा", "नववीच्या मुलासारखा लिहा", "सोप्या भाषेत लिहा" अशा. दोन्ही पाट्या लांबीने सारख्या हव्यात. पाटी मोठी असेल तर तीत कोणताही तुकडा सापडण्याची शक्यता वाढते आणि सगळेच निबंध तिच्याकडे झुकतात. ही चूक बाहेरून अजिबात दिसत नाही.

इथे जीझिपची एक मर्यादा आडवी येते. ते फक्त ३२,७६८ बाइट मागे पाहू शकतं. मराठी शब्द मोकळ्या जागेसकट सरासरी सात चिन्हांचा धरला तर यूटीएफ-८ मध्ये हे साधारण पावणेदोन हजार शब्द होतात, म्हणजे चारशे शब्दांचे चार निबंध. तुम्ही चाळीस निबंधांची पाटी केलीत तरी जीझिपला शेवटचे चारच आठवतात. म्हणून एलझेडएमए ही दुसरी कॉम्प्रेशनची पद्धत वापरा. त्याची स्मृती कित्येक मेगाबाइटांची असते. आणि दुसरं, यूटीएफ-८ तसंच ठेवू नका. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट एकतर `E0 A4` असतात किंवा `E0 A5`. कॉम्प्रेसर ते लगेच दाबून टाकतो आणि गुणोत्तर फुगतं. इंग्रजीसाठी कोणी दिलेली मर्यादा मराठीला लावली तर म्हणूनच मराठीचा प्रत्येक मजकूर "यंत्राचा" ठरतो. देवनागरीच्या पट्ट्यात १२८ जागा आहेत, तेव्हा प्रत्येक चिन्हाला एक बाइट देऊन हा प्रश्न मिटवता येतो.

```python
import lzma, re, unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return re.sub(r"\s+", " ", s).strip() + " "

def ekbyte(s):
    out = bytearray()
    for ch in saaf(s):
        c = ord(ch)
        if 0x900 <= c <= 0x97F: out.append(c - 0x900 + 128)
        else: out.append(c if c < 128 else 63)
    return bytes(out)

def C(b):
    return len(lzma.compress(b, format=lzma.FORMAT_ALONE, preset=9))

def bits(ref, x):
    return 8 * (C(ref + x) - C(ref)) / len(x)
```

`saaf` मधल्या दोन ओळी खास मराठीसाठी आहेत. "दऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड थेट "ऱ" वापरतात, काही साध्या "र" नंतर न दिसणारा जोडक घालतात. "ॲ" चंही तसंच, तो एक चिन्हही असतो किंवा "अ" वर चंद्र देऊनही लिहिला जातो, आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन्ही एक करत नाही. स्क्रीनवर काही फरक दिसत नाही, पण कॉम्प्रेसरला ते वेगळे शब्द असतात. हे साफ केलं नाही तर तुम्ही माणूस आणि यंत्र वेगळे करताय असं वाटेल, पण खरं तर दोन कीबोर्ड वेगळे करत असाल. तुमचे जुने निबंध हस्तलिखितावरून एकाच टायपिस्टने उतरवलेले असतील तर हा धोका दुप्पट. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सवयी सगळ्या पाटीत पसरलेल्या असतात. `FORMAT_ALONE` घेतलंय, कारण नेहमीचं `.xz` रूप आकार चार बाइटांच्या पटीत नेतं आणि लहान फरकात तेवढंही जाणवतं.

एका निबंधाचा हिशेब करून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. निबंध एकबाइटी केल्यावर २,८०० बाइट. माणसांची पाटी एकटी दाबली तर ३१,४०० बाइट, तिच्यामागे हा निबंध जोडला तर ३२,३५०. वाढ ९५०, म्हणजे चिन्हामागे २.७१ बिट. यंत्राची पाटी २७,१००, निबंधासह २७,९६०. वाढ ८६०, म्हणजे २.४६ बिट. पहिल्यातून दुसरा वजा केला की ०.२५ उरतात. हा फरक म्हणजे आपलं मोजमाप. धन असेल तर निबंध यंत्राच्या पाटीला जास्त ओळखीचा, ऋण असेल तर मुलांच्या. दोन्हीकडून मोजल्यामुळे "पावसाळा", "छत्री", "शाळा" हे विषयाचे शब्द आपोआप कटतात, कारण ते दोन्ही पाट्यांत सारखेच असतात. दोन-अडीच बिट हा आकडा शॅननच्या आकड्याच्या कितीतरी वर आहे, त्याने घाबरू नका. जीझिपला मोठ्या इंग्रजी मजकुरातही अक्षरामागे तीनेक बिट लागतात. आपल्याला खरी एन्ट्रॉपी मोजायचीच नाहीये, दोन वाढींमधला फरक हवाय.

आता ०.२५ मोठा की लहान? हे कोणत्याही लेखात शोधू नका. तो तुमच्या ढिगातूनच काढावा लागतो. जुने साठ निबंध मिळाले तर चाळीस पाटीत घाला आणि वीस बाजूला ठेवा. त्या विसांचा फरक काढा. ही सगळी माणसं आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्यांचे आकडे कुठपर्यंत पसरतात ते दिसेल. त्या पसाऱ्याच्या बाहेर जे पडेल त्याचाच विचार करायचा. वीस निबंधांवरून "शंभरात एकच चूक होईल" असं म्हणता येत नाही, फार तर विसात एक म्हणता येईल.

मोजमाप चालू करण्यापूर्वी दोन चाचण्या घ्या. दोन्हींना पाच मिनिटं लागतात आणि मी त्या कधीच टाळत नाही. पहिली: पाटीत सर्वांत आधी असलेला निबंध उचला आणि तोच पाटीमागे पुन्हा जोडा. वाढ नगण्य यायला हवी, कारण सगळा मजकूर आधीच येऊन गेलाय. ती भरपूर आली तर कॉम्प्रेसर इतकं मागे बघतच नाहीये. जीझिपने हीच चाचणी करून बघा, त्याची मर्यादा तुमच्या डोळ्यांसमोर येईल. दुसरी: प्रत्येक निबंध मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्यांचे फरक वेगवेगळे काढा. एकाच मुलाच्या दोन अर्ध्यांतलं अंतर जर मुला-मुलांमधल्या अंतराइतकंच असेल, तर हा तराजू इतकं बारीक वजन दाखवू शकत नाही. दीडशे-दोनशे शब्दांच्या निबंधांना मी बहुतेक वेळा इथेच थांबतो. चारशे शब्द ही काठावरची लांबी आहे. हजार शब्दांना बरं चालतं.

जुने निबंध मिळालेच नाहीत तर आणखी एक वाट आहे. १४० पैकी एक निबंध बाजूला काढा, उरलेल्या १३९ ची पाटी करा आणि त्याला किती बिट लागतात ते पाहा. असं प्रत्येकाचं करा. ज्यांना सर्वांत कमी लागतात त्यांचे सख्खे शेजारी ढिगात आहेत. यंत्राकडून लिहून घेतलेले पंधरा-वीस निबंध असतील तर ते एकमेकांमुळे वर येतात, कारण एकाच विषयावर त्यांची तुकडेजोड सारखी असते. एकच असेल तर मात्र तो लपून राहतो.

ही वाट मी काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी वापरली होती आणि यादीत सर्वांत वर आला तो एका नववीतल्या मुलीचा निबंध. आयोजकांनी लगेच तिला बाद करायचं ठरवलं. मी तिच्या निबंधातले दुसऱ्यांशी जुळणारे तुकडे काढले. "निसर्गाने जणू हिरवा शालू पांघरला होता" यासारखी वाक्यं ओळीने आली. एका शिक्षिकेने ती वाचताच ओळखली: गाईडमधला निबंध. मुलीने तो पाठ करून, मधे आपल्या गावाचं नाव घालून लिहिला होता. यंत्राचा संबंधच नव्हता. ढिगातल्या आणखी काही मुलांकडे तेच गाईड होतं, म्हणून ते सगळे एकमेकांना ओळखीचे निघाले. अंदाज बांधता येणारं मराठी लिहायला आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलोय. ज्या घरात प्रमाण मराठी बोलली जात नाही तिथलं मूल तर पुस्तकी वाक्यांनाच धरून राहतं, कारण तीच चुकणार नाहीत अशी त्याची खात्री असते. तेव्हा कमी आश्चर्य म्हणजे यंत्र, असा सरळ अर्थ लावला तर त्याचा फटका अशाच मुलांना आधी बसतो. इंग्रजीत हे मोजून झालंय. २०२३ च्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सगळे माणसांचे होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले.

म्हणून पाटी करताना गाईडमधले निबंधही माणसांच्या बाजूला घाला. बाजारात मिळणारी दोन-तीन निबंधांची पुस्तकं टाइप करून किंवा स्कॅन करून त्या पाटीत आली की गाईडची वाक्यं माणसांच्या पाटीलाही ओळखीची होतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण मराठीत या पद्धतीची सर्वांत मोठी चूक याने कमी होते.

मॉडेल वापरून पर्प्लेक्सिटी, म्हणजे मॉडेलला त्या मजकुराचं किती आश्चर्य वाटतं ते, का मोजू नये, असंही तुमच्या मनात येईल. इंग्रजीत ते झिपपेक्षा नक्कीच सरस आहे, कारण मॉडेलची पाटी भरलेली असते. मराठीत मात्र घरच्या संगणकावर चालणारी लहान मॉडेलं मुळात मराठी कमी शिकलेली असतात. मग मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाचा मजकूर त्यांना अतिआश्चर्याचा वाटतो, स्वच्छ प्रमाण मराठी कमी आश्चर्याची, आणि आपण पुन्हा बोली मोजत बसतो. शिवाय ज्या मजकुरावर मॉडेल शिकलंय तो त्याला पाठच असतो. अमेरिकेची राज्यघटना काही डिटेक्टरांनी यंत्राची ठरवली होती ती याच कारणाने. झिपचा फायदा हा, की त्याला काय माहीत आहे ते तुम्हीच ठरवता. पाटीत जे घातलं तेवढंच त्याला येतं.

आणि पद्धत चुकवणं अवघड नाही हेही लक्षात ठेवा. मुलाने यंत्राच्या निबंधात दर तिसरं वाक्य स्वतःचं घातलं, किंवा "गावाकडच्या भाषेत लिही, दोन-चार चुका कर" असं सांगितलं, की तुकडे तुटतात आणि फरक शून्याकडे सरकतो. उलट बाजूने, बिट जास्त लागणं म्हणजे चांगलं लेखन असंही नाही. कीबोर्डवर हात आपटून लिहिलेल्या ओळींना सर्वांत जास्त बिट लागतात.

हे सगळं सांगून एक हिशेब मांडतो, कारण शेवटी मुलं बाद करायची की नाही हा प्रश्न तुमच्यासमोर आहे. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला. त्यांच्याच इंग्रजी चाचणीत तो यंत्राच्या मजकुरांपैकी २६ टक्के पकडायचा आणि माणसांचे ९ टक्के चुकून पकडायचा. जुलैमध्ये कमी अचूकतेमुळे तो त्यांनी काढून घेतला. तो तुमच्या ढिगावर लावला असता, आणि समजा १४० पैकी २० निबंध यंत्राचे असते, तर त्यातले ५ सापडले असते आणि स्वतः लिहिणाऱ्या १२० मुलांपैकी ११ अडकली असती. तुमचा तराजू यापेक्षा बराच चांगला ठरला, २० पैकी १६ पकडले आणि १२० पैकी १२ च चुकले, तरी २८ नावांच्या यादीत १२ निरपराध आहेत.

तेव्हा या आकड्याचा उपयोग मी क्रम लावण्यापुरता करतो. वरचे पंधरा-वीस निबंध घ्यायचे, आणि प्रत्येकासाठी यंत्राच्या पाटीशी जुळणारे सर्वांत लांब तुकडे छापून समोर ठेवायचे. वीस चिन्हांपेक्षा लांब तुकडेच काढा, त्याहून लहान तुकडे नुसती भाषा असते. मग वाचा. तुकडे "पावसाळ्याचे दिवस होते" असले तर निबंध बाजूला ठेवा, त्यात काही नाही. "पाऊस आपल्याला जीवनाचा खरा अर्थ शिकवून जातो" अशा वाक्यांच्या रांगा लागल्या, त्याही यंत्राच्या चार वेगवेगळ्या निबंधांतून आलेल्या, आणि गाईडमध्ये त्या नाहीत, तर त्या मुलाला बोलवून घ्या आणि निबंधातला तो दिवस कोणता होता, सोबत कोण होतं, घरी पोचल्यावर काय झालं ते विचारा. तुकडे छापायला पायथनमधलं `difflib` पुरतं, `SequenceMatcher` बनवताना `autojunk=False` द्यायला विसरू नका. ते न देता लांब मजकूर घातला तर वारंवार येणारी अक्षरं ते गाळून टाकतं आणि मराठीत जुळणारं जवळजवळ काहीच उरत नाही.